पाळधीचं क्रॉसिंग

चुडामण धरणगावात राहायचा आणि जळगावात नोकरी करायचा. नव्या पेठेतल्या एका छापखान्यात तो अक्षरांचे खिळे जुळवी. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी अशी ये-जा करणारे धरणगावात बरेच होते. कोणी कोर्टात, कोणी मिलमध्ये, कोणी पेढीवर. सगळे सकाळच्या पॅसेंजरने जात आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत येत. स्टेशनवर त्यांना 'पासवाले' म्हणत.

जळगावात खोली घ्यायची तर पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जायचा. त्या मानाने महिन्याचा पास म्हणजे काहीच नाही. शिवाय धरणगावचं घर वडिलांचं, दोन खोल्यांचं का होईना, पण बिनभाड्याचं. कोर्टातले लोटनआप्पा पासवाल्यांत सर्वांत जुने. त्यांनीच लग्नानंतर त्याला समजावलं होतं.

"हे बघ चुडामण, घरमालकाला दिलेला रुपया परत दिसत नाही. गाडीत बसायला काय लागतं? बूड लागतं. ते देवानं फुकट दिलंय."

चुडामणला ते पटलं. वाचलेल्या पैशांतून त्याने गावाच्या वरच्या अंगाला एक प्लॉट घेतला, पायाचे दगड आणून टाकले. दोन वर्षांत भिंती, मग वर पत्रे. बायको इंदिराबाईला तो रविवारी तिथे नेई आणि स्वयंपाकघर कुठे, न्हाणी कुठे हे पायाने रेघा ओढून दाखवी.

इंदिराबाई अमळनेरची, मराठी सातवी झालेली. ती ऐकून घेई. तिचा दिवस अंधारात चूल पेटवून सुरू व्हायचा, कारण गाडीच्या आधी भाकरी बांधून द्यावी लागे. रात्री तो येईपर्यंत मुलगी झोपलेली असे. बेबा तीन वर्षांची झाली तरी रविवारी बाप दिसला की आधी आजीच्या पदराआड जाई. आजी, म्हणजे चुडामणची आई धुरपदाबाई, एकदा स्पष्टच म्हणाली, "भाऊ, तुनी पोर तुले पाव्हणा समजस."

"घर झालं की होईल सवय, आई," तो म्हणाला.

इंदिराबाईने एकदाच विषय काढला. "भाडं मोजता, ते ठीक. रोज गाडीत, स्टेशनवर जातो तो वेळ कशात धरता?"

"वेळेचे कोणी पैसे देतं का?"

ती चुलीकडे वळली.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी लवकर पडली. एके सकाळी चुडामण सदरा घालत असताना इंदिराबाई कंदील घेऊन बेबाच्या अंथरुणाशी बसली होती.

"रात्रीपासून घसा दुखतो म्हणते. पाणीसुद्धा गिळत नाही. आज थांबता का?"

त्याने वाकून कपाळाला हात लावला. अंग कोमट होतं. छापखान्यात नगरपालिकेच्या निवडणुकीचं काम आलं होतं आणि खाड्याचा पगार कापला जाई.

"सर्दी असेल. हळद-दूध दे. मी लवकर येतो."

लवकर येणारी गाडीच नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. लांबून शिट्टी ऐकू आली तसा तो डबा उचलून निघाला.

दुपारपर्यंत बेबाच्या घशाला बाहेरून सूज आली. गावातल्या डॉक्टरांनी जीभ दाबून आत पाहिलं. घशात पांढरट साय धरली होती. "हा घटसर्प आहे," ते म्हणाले. "याचं विष मारणारी लस माझ्याकडे नाही. जळगावला सरकारी दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." पण दुपारची मोटार वाटेत बिघडून पडली होती. बैलगाडीने रात्र झाली असती. दोघी सासू-सुना पोरीला गोधडीत गुंडाळून स्टेशनवर येऊन बसल्या आणि सुरतेकडून येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीची वाट पाहू लागल्या.

लाइन एकेरी होती. त्यामुळे जळगावहून येणारी पॅसेंजर पाळधीला बाजूच्या रुळावर थांबे आणि समोरची गाडी आत आल्यावर ड्रायव्हरला लाइन मोकळी असल्याचा लोखंडी गोळा मिळाला की पुढे निघे. पासवाल्यांची ती रोजची उसंत. कोणी बिडी ओढी, कोणी नळावर तोंड धुई. चुडामणही खाली उतरून हातावरची शाई घासत होता. समोरची गाडी येऊन उभी राहिली. तिच्याकडे पाहायची कुणाला सवय नव्हती, ती दुसऱ्यांची गाडी.

"चुडामण! ए भाऊ!"

आवाज आईचा होता. खिडकीच्या गजांतून तिचा हात बाहेर आला होता.

"बेबाले दम लेता येस नही, भाऊ!"

तो रूळ ओलांडून धावला. आईची गाडी हलायला लागली होती. लोटनआप्पांनी त्याचा डबा मागून फेकला, तो कुठे पडला ते त्याने पाहिलं नाही. दांडी धरून तो वर चढला. इंदिराबाईच्या मांडीवर पोर होती. प्रत्येक श्वासाला तिचा घसा करवतीसारखा वाजत होता. बापाला पाहून ती आज पदराआड गेली नाही. तिने त्याचं बोट धरलं आणि जळगावपर्यंत सोडलं नाही.

दवाखान्यात लस टोचली, घशाला छेद देऊन नळी बसवली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी काही कसूर केली नाही. पण विष अंगात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा बेबा गेली.

"सकाळी आणायला हवी होती," डॉक्टर म्हणाले. रागाने नव्हे, नेहमीच्या सवयीने. "सकाळची गाडी असते ना तिकडून?"

चुडामणने मान हलवली. असते.

इंदिराबाईने त्याला कधीच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे. महिन्याभराने तो म्हणाला, "जळगावात खोली पाहिली आहे. बळीराम पेठेत."

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता वाट बघायला मी एकटीच. मला जमतं."

तो जात राहिला. गाडीत आता तो खिडकीशी बसे आणि पाळधीला खाली उतरत नसे.  लोटनआप्पा नुसतेच त्याच्या बाजूला सरकून बसू लागले.

दीड वर्षाने मुलगा झाला. सव्वा महिना झाल्यावर इंदिराबाई आपणहून म्हणाली, "ती खोली मिळेल का अजून?"

ती खोली गेली होती, दुसरी मिळाली, भाडं जास्त. प्लॉटवरचं अर्धवट बांधलेलं घर लोटनआप्पांच्या पुतण्याने विकत घेतलं. धुरपदाबाई मात्र हलली नाही. "तुम्ही जा. मी आठेच बरी शे," म्हणाली आणि नातवाच्या गालाला काजळ लावून आत वळली. आता चुडामण दर रविवारी उलट्या दिशेच्या गाडीने तिला भेटायला जाई.

जळगावातल्या पहिल्या दिवशी छापखाना सुटला आणि तो पायी निघाला. पानवाल्यापाशी थांबूनही तो दारात पोहोचला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. इंदिराबाई नुकती भाजी घेऊन बसली होती, चूलही पेटली नव्हती. ती दचकून उठली.

"काय झालं? बरं नाही का?"

"सुट्टी झाली," तो म्हणाला.

तो उंबऱ्यावर बसला. पाळण्यात मुलगा जागा होता, हातपाय हलवत होता. या वेळी काय करायचं असतं, ते चुडामणला सुचेना. हात मांडीवर ठेवून तो रस्त्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने इंदिराबाईने मेथीची जुडी त्याच्यापुढे सरकवली.

"बसलाच आहात तर एवढी निवडा."

त्याने जुडी सोडली आणि एकेक पान खुडायला लागला.