कंपनीचं सिम परत करताना

चिकलठाण्याच्या कंपनीत मी सतरा वर्षं काढली आणि सतरा वर्षं कंपनीनं दिलेलाच नंबर वापरला. फुकटचं सिम असताना दुसरं कशाला घ्यायचं? हे शहाणपण राजीनामा दिल्यावर अंगाशी आलं. शेवटच्या दिवशी चारपर्यंत सिम जमा करायचं होतं. ते माझ्या जागी येणाऱ्याला मिळणार होतं.

नवा नंबर घेतला आणि वहीत यादी केली: बँक, ईमेल, आधार, पीएफ, गॅस. ईमेलमध्ये नव्या नंबरवर आलेला कोड टाकला, मगच जुना काढला. आधार केंद्रावर रांग लावून बोटांचे ठसे देऊन आले. सगळ्या ओळींवर काट मारली आणि म्हटलं, न्हालं एकदाचं घोडं गंगेत.

दोन दिवस उरले असताना जुन्या नंबरवर मेसेज आला. पाचोडला आईनं खात्यातून पैसे काढले होते. आईचं खातं मी यादीत धरलंच नव्हतं! खातं उघडलं तेव्हा तिच्याकडं फोन नव्हता, म्हणून तिनं माझा नंबर लिहायला लावला होता. आता तिच्या खात्याचे ओटीपी कुणा परक्याच्या हातात जाणार. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं पाचोड गाठलं आणि आईला घेऊन थेट बँकेत गेले. मशीनवर तिचा अंगठा तीनदा लावला, उठला नाही. खुरप्यानं रेषा ठेवल्या असतील तर ना! साहेब म्हणाले, "सही करतात का?" आईनं पेन मागून घेतला आणि साक्षरता वर्गात शिकलेली सही ठसठशीत केली. साहेबांनी ती बँकेतल्या नमुन्याच्या सहीशी ताडली, आधारची प्रत घेतली. मी फॉर्मवर माझा नवा नंबर लिहायला लागले, तर आईनं हात धरला.

"माझा लिव्ह. आता हाय की माझ्याकडं फोन. तुझ्या नंबरापायी लई पळापळ झाली."

"उद्यापर्यंत दोन्ही नंबरांवर मेसेज येईल," साहेब म्हणाले.

शेवटच्या दिवशी साडेतीन वाजले तरी मेसेज नव्हता. एचआरची मुलगी दोनदा बोलावून गेली. मी फोन मुठीत धरून बसले होते. चाराला दहा कमी असताना तो थरथरला: आईच्या खात्याचा नंबर बदलला होता. पाठोपाठ आईचा फोन.

"जयभीम. मेसेज आलाय, काय लिव्हलंय ते कळंना."

"तुझा नंबर लागला, माय."

"मंग आता तुझ्याकडं माझं काहीच येणार नाय?"

दर आठवडी बाजाराला ती पैसे काढायची, इकडं मला मेसेज यायचा आणि मी समजायचे, माय चालत बाजारात गेली, म्हणजे बरी आहे. मग मी फोनही करायचे नाही. इतकी वर्षं तिची खुशाली बँकच कळवत होती. मला माझीच लाज वाटली.

"मीच करीन फोन," म्हणाले, "दर बाजाराला."

"बघू," आई म्हणाली.

मी सिम काढून टेबलावर ठेवलं.