आईच्या बीपी मशीनची तक्रार

साताऱ्याला एकटी राहणाऱ्या आईसाठी मी सांगलीहून बीपीचं मशीन ऑनलाइन मागवलं, कारण दर महिन्याला रजा काढून तिला डॉक्टरकडे नेणं मला जमत नव्हतं. आईनं ते देवापुढं ठेवून हळदीकुंकू लावलं आणि रोज आकडा फोनवर सांगू लागली. आकडा नेहमी छानच. दोन महिन्यांनी मीच म्हटलं, अर्धी गोळी पुरे.

मग एक दिवस ती अंगणात चक्कर येऊन बसली. मी साताऱ्याला धावले आणि मशीनसकट तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी त्यांच्या मशीननं बीपी मोजलं, मग आमच्या. त्यांच्याकडं एकशे नव्वद, आमच्याकडं एकशे बावीस. त्यांनी गंमत म्हणून स्वतःच्या दंडाला पट्टा लावला. एकशे बावीस.

मी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवलं. ऑर्डर क्रमांक, बिल, फोटो, सगळं जोडलं. दोन दिवसांत पोच आली आणि आठवड्यानं उत्तर: परत करण्याची मुदत संपली आहे, शिवाय फोटोत अनुक्रमांक दिसत नाही. दिसणार कसा? आईची कुंकवाची बोटं नेमकी त्याच स्टिकरवर उमटली होती! आता कुंकू पुसून पुन्हा फोटो काढा, पुन्हा सगळं लिहा. वैताग आला होता नुसता.

रविवारी साताऱ्याला गेले. कोरड्या फडक्यानं हळूहळू कुंकू काढलं, आकडे वाचले आणि मशीनवर जिचं नाव होतं त्या मूळ कंपनीला कळवले. असा क्रमांक आम्ही कधी काढलेलाच नाही, असं त्यांनी मेलवर लिहून दिलं. तो मेल जोडून पुढच्या रविवारी आईकडेच मी पुन्हा पत्र लिहायला बसले. हेच ग्राहक हेल्पलाइनकडेही पाठवायचं होतं. "बनावट उपकरणावर विसंबून माझ्या आईने स्वतःच गोळी अर्धी केली," असं लिहिलं आणि चष्मा लावून बसलेल्या आईला वाचून दाखवलं.

"मी कुठं केली?" ती म्हणाली. "तू सांगितलंस फोनवर. खोटं कशाला लिवतीस?"

"त्यानं काय फरक पडतो गं?"

"तुला न्हाई पडत?"

मला फार लाज वाटली. "स्वतःच" हा शब्द खोडला आणि "माझ्या सांगण्यावरून" असं घातलं.

हेल्पलाइननं तक्रारीचा क्रमांक दिला आणि तक्रार संकेतस्थळाकडं धाडली; नाहीच मिटलं तर ग्राहक आयोगाकडं जा, असंही सांगितलं. तिथवर जावं लागलं नाही. मशीन परत न्यायला माणूस आला, त्या विक्रेत्याचं पान संकेतस्थळावरून गेलं, आणि अधिकाऱ्याचा मेल आला: आपणास व आपल्या आईस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही क्षमा मागतो.

तो मेल मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती फोन धरून वाट बघत राहिली. आणखी कुणाच्या माफीची वाट बघत होती ते मला कळलं, तरी मी फोन ठेवला.