आईच्या फोटोतला एक डाग

जुने फोटो साफ करणं हे माझं पोटापाण्याचं काम. मुलुंडच्या घरातच स्कॅनर, तिथेच कॉम्प्युटर. लोकांचे आजोबा-पणजोबा मी उजळून दिले, पण आईचा फोटो कपाटातच राहिला. शेवटी अंथरुणावरून तीच म्हणाली, "मी गेल्यार तोच लावा. साफ कर जरा."

बाबा गिरणीत अपघातात गेले तेव्हा मी मांडीवरची होते. गिरणीच्या भरपाईच्या कागदांसाठी आजी, म्हणजे बाबांची आई, आईला स्टुडिओत घेऊन गेली, तेव्हाचा हा फोटो. दमट हवेने कागदावर गंजासारखे तपकिरी ठिपके उठले होते आणि कडा पिवळ्या पडल्या होत्या.

फोटो काळा-पांढरा असला तरी मी स्कॅन रंगीत करते. मग लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून बघायचे. असले डाग निळ्यात सर्वांत गडद दिसतात, लालमध्ये बहुतेक विरून जातात. म्हणून लाल थर घ्यायचा आणि उरलेसुरले ठिपके शेजारच्या त्वचेचा पोत घेऊन बुजवायचे. आईचा चेहरा स्वच्छ निघाला. कपाळावरचा मोठा ठिपकाही गेला. मी खूश होते.

सवयीने मूळ फोटो भिंगाखाली धरला. बाकीचे ठिपके कागदात मुरलेले, कडा धूसर. कपाळावरचा मात्र कागदाच्या वर होता, काळवंडलेल्या मेणात रुतलेले लाल कण. लाल रंग लाल थरात दिसणारच नाही, म्हणून तोही डागांबरोबर गेला होता.

मी आईला विचारलं.

"ता कुंकू आसा. मीच लावलंय. माझ्या कपाळाक कोण लावूक देणार होता? सासू घरात नव्हती तेवढ्यात फोटोक लावलंय." मग म्हणाली, "बाकीचे काढ. ता काढू नको."

मला आजीचा राग आला, आणि इतकी वर्षं फोटो घरात असून कधी नीट न बघणाऱ्या स्वतःचाही. रंगीत स्कॅनमधून तेवढाच ठिपका उचलून मी साफ केलेल्या फोटोवर परत बसवला. प्रिंट बघून आईने त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

पुढच्याच आठवड्यात ती गेली. तिला आंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं. मी देवघरातली कुंकवाची डबी घेऊन आले, तर आत्याने मनगट धरलं.

"काय करतेस गं? विधवेला कुंकू लावतात का?"

"तिला हवं होतं, आत्या."

"लोक बघतायत. ठेव ती आत."

आत्याने हात सोडला नाही. खाली रिक्षा-टेम्पोंचे हॉर्न वाजत होते, माणसं घाई करत होती. आईला तसंच, कोऱ्या कपाळाने, खाली नेलं.

तेराव्याला फोटो भिंतीवर लागला. आत्या हार घालायला पुढे झाली आणि थबकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढं साफ केलंस, कपाळावरचा डाग तेवढा राहिला की."

मी तिच्या हातातला हार घेतला आणि स्वतःच घातला.