जगदेवीचे डोळे

दस्तगीरचा फोटो स्टुडिओ लातूरच्या कोचिंग क्लासच्या गल्लीत होता. २००६चा जून. बारावीचा निकाल लागून आठ दिवस झालेले. गल्लीतल्या प्रत्येक खांबावर गुणवंत पोरं लटकत होती आणि त्यातली निम्मी दस्तगीरच्या हातची. फ्लेक्सवर रंग मरतो, रस्त्यावरून बघणाऱ्याला डोळे दिसत नाहीत, म्हणून तो ते पांढरेफेक करायचा, बुबुळात उजेड भरायचा. क्लासवाले खूश. रात्रभर जागून लाल झालेले पोरांचे डोळे फ्लेक्सवर असे चमकायचे, जसं काही त्यांना कधी रडूच आलं नाही.

अशा गर्दीत नरसिंगमामा आला. किल्लारीकडच्या एका पुनर्वसन वसाहतीतला, धोतर, खांद्यावर उपरणं. वहीच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो त्यानं काउंटरवर ठेवला. त्याची लेक जगदेवी, नऊ वर्षांची. भूकंपात गेली. घर पडलं तेव्हा हा एकच फोटो वाचला, तोही त्याच्या बायकोच्या, धुरपताच्या, माहेरी होता म्हणून.

"मोठा करून द्या. तेरा वर्षं झाली, धुरपता म्हनती, आता तिला भिंतीवर बघू द्या. पर लेक माझी दिसली पायजे."

फोटो पिवळा पडलेला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा, बुबुळं मातकट. दस्तगीरनं तो उजेडाकडं धरला. भूकंपाच्या त्या आठवड्यात पोलिसांनी त्याला कॅमेरा घेऊन नेलं होतं, ओळख न पटलेल्या मढ्यांचे फोटो काढायला. त्यातल्या एकाचेही उघडे डोळे त्याला आठवत नव्हते.

"परवा या," एवढंच तो म्हणाला.

त्यानं फोटो स्कॅन केला, डाग काढले आणि डोळ्यांवर आला. तिथं हाताला सवयीनं ओढलं. तीनपट मोठं करून त्यानं डोळे चुन्यासारखे धुतले, बुबुळं मधासारखी पेटवली. प्रिंट निघाली तेव्हा त्याची बायको जन्नतबी डबा घेऊन आली होती. "या अल्ला, लेकरू हाय का टूबलाईट?"

"तुला काय कळतं यातलं!" तो खेकसला.

तिसऱ्या दिवशी नरसिंगमामानं प्रिंट हातात घेतली. खूप वेळ बघितली. मग हळूच परत ठेवली.

"भाई, ही त्या खांबावरची पोरगी हाय. माझी न्हाई. धुरपताला ही दाखवली तर ती परत कधी फोटोचं नाव काढायची न्हाई."

दस्तगीर चिडला. वीस वर्षांचा हात, आणि हा खेडूत शिकवून राहिलाय! पण मामाच्या आवाजात भांडण नव्हतं. त्यामुळं राग कुठं टाकावा ते त्याला कळेना.

"डोळे कुणावर गेलते तिचे?"

"माझ्यावर. घारी म्हनून पोरं चिडवायची. उन्हात लई मिचकवायची."

"इकडं या मामा. दारात बसा, तोंड असं करा."

फोटोत बुबुळातली उजेडाची टिकली डाव्या बाजूला होती. त्यानं मामाला तसाच बसवला आणि जवळ जाऊन बघितलं. पांढरं कुठंच पांढरं नव्हतं. वरच्या पापणीखाली सावली, कोपऱ्यात गुलाबी ओल, मधे निळसर झाक, बारीक शिरा. बुबुळाची कड गर्द, आत फिकट तपकिरी. उजेड टिकलीतून शिरून समोरच्या बाजूला, खाली, थोडा सांडलेला. सगळ्यात चमकदार ती टिकलीच, बाकी कुणीच तिच्यापुढं जात नव्हतं.

दस्तगीरनं पहिलं सगळं पुसलं. पांढऱ्या भागातला फक्त पिवळेपणा उतरवला, उजेड जेमतेम वाढवला, कडा विरघळवून. सावली, शिरा, गुलाबी कोपरा ठेवले. बुबुळाची कड थोडी गडद केली, टिकलीच्या समोरचा खालचा भाग जरा उजळ, रंग मामाच्या डोळ्यातला. बाहुली काळीच, टिकलीला हात नाही. मग केलेलं निम्म्यानं फिकं केलं, चित्र मूळ आकाराला आणलं आणि उठून भिंतीला पाठ लावून बघितलं. काय केलंय ते त्यालाच सापडेना. तेव्हा त्यानं प्रिंट काढली.

नरसिंगमामानं ती बघितली. बोट तिच्या गालाजवळ नेलं, टेकवलं नाही.

"मामा, राहिलं का काही?"

"न्हाई. काहीतरी मागून राहिलीय बघा. अशीच बघायची."

आजही डबा घेऊन आलेली जन्नतबी डोळ्याला पदर लावून आत गेली. दस्तगीरनं फोटोला काच बसवून दिली. मामा पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. समोर दुपारचं ऊन, वर खांबाखांबावर ती चमकती पोरं. दोन पावलं गेला आणि थांबला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं काचेवर पांघरलं.

"प्रिंट खराब नाही होत उन्हानं एवढ्यात," दस्तगीर दारातून म्हणाला.

"ते न्हाई, भाई," मामा म्हणाला. "तिला ऊन सोसत न्हाई."