धडधाकट बापाचं आजारपण

आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडं आहे. एकोणीस वर्षं झाली, जीव विटला. गुण घसरले की पोरं नूतनीकरणाचा अर्ज घेऊन येतात, आणि दरेकाच्या घरी कुणीतरी आजारी पडलेलंच असतं. म्हणून मी कॉम्प्युटरात मसुदाच करून ठेवला होता: 'वडिलांच्या गंभीर आजारपणामुळे…' नाव बदला, छापा, पुढं चला.

कुरुंद्याची राजनंदिनी त्याच मसुद्यासाठी आली. बी.एस्सी.चं तिसरं सत्र, एसजीपीए ४.८, फिजिक्समध्ये नापास. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टची अट सहाची. शिष्यवृत्ती गेली की हॉस्टेल सुटणार, आणि हॉस्टेल सुटलं की शिक्षण. मी कागद छापून दिला. "खाली बापाची सही आण."

बाप, संतराम, बाहेरच्या बाकावरच होता. चांगला धडधाकट. तो कागद घेऊन आत आला, ओळीवरून बोट फिरवत वाचू लागला.

"आजारी? मी? काहून गं, मला काय धाड भरली?"

पोरगी रडकुंडीला आली. "बाबा, तुमाला काही झालं न्हाई. मीच वर्गात जायचं सोडलं. सरांचं इंग्रजी समजंना, विचारायची लाज वाटायची. दोन महिने खोलीतच बसून राहिले."

मला वाटलं, आता हाणतो. त्यानं कागद टेबलावर ठेवला. "मग हेच लिही. खोट्यावर मी सही करत न्हाई."

खरं सांगतो, मला संताप आला. जेवायची वेळ टळून गेली होती. "लिही बाई, पण रडगाणं नको," मी म्हणालो. "चुकलं ते दोन ओळींत. बाकी पानभर, आता काय करणार ते."

तिनं तिथंच बसून लिहिलं. 'मी वर्गात गेले नाही, ही चूक माझी.' मग उठून फिजिक्सच्या सरांकडं गेली, शनिवारची शंकांची वेळ ठरवून त्यांची सही घेऊन आली. राहिलेला पेपर उन्हाळी परीक्षेत देणार, दर महिन्याला हजेरी आणि चाचणीचे गुण ट्रस्टला कळवणार, हेही लिहिलं.

"येत्या सत्राला साडेआठ लिही, छाप पडते," मी सुचवलं.

"सर, ते जमायचं न्हाई. सहा पॉइंट दोन लिहिते."

ट्रस्टनं एका सत्रापुरती शिष्यवृत्ती चालू ठेवली. दर महिन्याला तिचा कागद माझ्याच सहीनं जातो. पहिल्या चाचणीत वीसपैकी अकरा पडले. बापाला तिनं माझ्यासमोरच फोन करून सांगितलं.

तो मसुदा मी पहिल्यांदा माझ्याच पोरासाठी, विजयकुमारसाठी केला होता. त्याच्यापायी कागदावर मी तीनदा आजारी पडलो. तिन्ही वेळा सही केली, पण काहून नापास झाला, हे एकदाही विचारलं नाही. शेवटी त्याचं शिक्षण सुटलंच. आता तो आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात जीप चालवतो, आमचं बोलणं कमीच.

परवा मसुदा पुसून टाकला आणि त्याला फोन लावला.

"बाबा?" तो घाबरून म्हणाला. "तब्येत बरी आहे ना?"