कृपादान मास्तरांचा साडेपाच

कोल्हारच्या शाळेतले ख्रिस्ती मास्तर कृपादान म्हणजे एक वल्ली होती. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. आपले चुकले असे वीस वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत, आणि दुसऱ्याचे चुकले की चारचौघांत त्याची अब्रू काढायचे. आप्पासाहेबांचीही काढली होती. आप्पासाहेब शाळा चालवणाऱ्या पंचांतले मुख्य. ते दात धरून बसले तर नवल काय!

एकोणीसशे पंचेचाळीसच्या जूनमध्ये वटपौर्णिमेला चंद्रग्रहण आले. नेमके पंचांग सांगणारे जोशीबुवा नाशकात अडकलेले. आप्पासाहेबांची सून मुक्ताबाई सात महिन्यांची गरोदर, तिला ग्रहण पाळायचे. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत दाराआड बसायचे, पाण्याचा थेंब नाही. वेळ ठाऊक नको? नाइलाजाने आप्पासाहेब पंचांना घेऊन शाळेत आले.

मास्तरांनी नगरच्या मिशन हायस्कुलातल्या इंग्रजी पंचांगातून वेळा उतरून आणल्या होत्या. त्या ग्रीनिचच्या. मास्तरांनी फळ्यावर गणित मांडले.

"आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. अंशाला चार मिनिटं, म्हणजे तीनशे तीस मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. ग्रीनिचला ग्रहण लागतं दुपारी एक चाळीसच्या सुमारास. मिळवा साडेपाच. संध्याकाळी सात दहा! शिकलेल्या माणसाला जोशी लागत नाही, आप्पासाहेब."

"आन् चुकलं तर?"

"तर शाळेच्या किल्ल्या तुमच्या हातात देईन नि गाव सोडीन."

"पंचांसमोर बोललात. ध्यानात ठेवा."

वटपौर्णिमेचा उपास, त्यात उकाडा. मुक्ताबाईने दिवसभर दोन घोट पाण्यावर काढला. घड्याळात सात दहा झाले तशी आप्पासाहेबांनी तिला आतल्या खोलीत बसवून दार लोटले आणि पाण्याचा हंडाही बाहेर काढला. मास्तर ऐटीत आप्पासाहेबांच्या ओट्याशी उभे होते. पंचमंडळी पूर्वेकडे बघत होती.

पूर्वेला चंद्र नव्हता. पश्चिमेला ऊन चांगले कडक होते.

"मास्तर," बन्सी गुराखी म्हणाला, "पुनवेचा चांद दिवस बुडल्याबिगर निघतो व्हय? अजून दिवस दोन कासरे वर हाय!"

मंडळी खो खो हसली. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बन्सीचे खरे होते. पुनवेला सूर्य इकडे तर चंद्र समोरासमोर तिकडे. हा बुडाल्याशिवाय तो वर यायचा नाही. मग गणित कुठे बिघडले? त्यांनी ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि चूक ध्यानात आली. लढाईपायी सरकारने तीन वर्षांपूर्वी देशातली घड्याळे तासभर पुढे केली होती. हे घड्याळ बेलापूर रोड स्टेशनावरून लावून आणलेले, तेही पुढे. काटा सरकला, पण मास्तरांच्या डोक्यातला साडेपाच जागचा हलला नव्हता! मिळवायचे होते साडेसहा.

आता? पूर्वेला ढगांची पट्टी होती. ढगाआड ग्रहण लागले म्हणून ठोकून द्यावे, तासाभरात खरेच लागेल, कोण विचारतो! बन्सीचे काय, अडाणी माणूस. मास्तरांनी तोंड उघडले तेवढ्यात आतून मुक्ताबाईच्या कण्हण्याचा आवाज आला.

"तिला पाणी द्या!" मास्तर ओरडले. "माझं चुकलं! सरकारी घड्याळात एक तास जादा आहे. ग्रहण आठ दहाला आहे. अजून तास आहे, पाणी द्या!"

"वा रे शहाण्या!" आप्पासाहेब उसळले. "दार लावायला तुमचं ऐकलं, आता उघडायलाबी तुमचंच ऐकू? पोटातल्या जिवाशी खेळ मांडलाय व्हय? एकदा बसली ती बसली!"

"तो सूर्य बघा ना! देवाशपथ सांगतो—"

"कोनाच्या देवाची?"

तेवढ्यात दार करकरले. मुक्ताबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आली, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरायलाही थांबली नाही. हंड्यात तांब्या बुडवला आणि उभ्यानेच घटाघटा प्याली. मग म्हणाली, "आतनं सगळं ऐकलं. दिवस मलाबी दिसतोय, मामंजी."

आप्पासाहेबांचे तोंड काळेठिक्कर पडले. सुनेवर हात उगारता येईना, म्हणून ते मास्तरांकडे वळले.

"किल्ल्या."

मास्तरांनी कमरेच्या किल्ल्या काढून ओट्यावर ठेवल्या. त्या वेळी त्यांना कुणी अडवले नाही, ना बन्सीने, ना मुक्ताबाईने.

आठ दहाला दिवस बुडाला. अर्ध्या तासात ढग विरले आणि चंद्र दिसला तो कड खाल्लेलाच. गाव प्रवरेच्या काठी लोटले. जो तो म्हणत होता, "मास्तरानं सांगितलं तसंच, आठ दहा!"

"त्यात काय," आप्पासाहेब म्हणाले, "आमी घरात आधीच म्हनलं हुतं."

मास्तर घरी पुस्तके बांधत होते.