बटर पेपरखाली चुकलेला अख्खा वर्ग

भूमितीच्या आकृत्या तपासायची माझी एक खास पद्धत होती. होती म्हणतोय, यावरून पुढचं थोडंफार लक्षात येईलच.

आमची शाळा शहाद्याजवळ. दहावीला भूमिती मी शिकवतो. त्या वर्षी जिल्ह्याच्या गणित मेळाव्यात आकृत्यांची स्पर्धा होती आणि प्रत्येक शाळेतून एकच विद्यार्थी पाठवायचा होता. आधी आपल्या शाळेत आकृत्या काढून घ्या, त्यातून एक निवडा आणि शुक्रवारी पाचच्या आत नाव लिंकवर भरा, असा निरोप आला. निकष तीन: आकृतीचा नीटनेटकेपणा, बिंदूंची नावं बरोबर जागी असणं आणि मापं. परीक्षक दोन. नीटनेटकेपणा आमच्या चित्रकलेच्या बाई बघणार, बाकीचं मी.

प्रश्न मीच काढला. सहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्र O. केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर P बिंदू घ्या. P मधून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा. हे करायचं कसं, तर OP चा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू M मिळवायचा, M केंद्र धरून पाच सेंटिमीटरचं दुसरं वर्तुळ काढायचं, ते पहिल्याला जिथे छेदतं ते A आणि B. P जोडला A ला, P जोडला B ला, झाल्या स्पर्शिका. प्रत्येकी बरोबर आठ सेंटिमीटर. सहा, आठ, दहा. असले आकडे निवडले की मला स्वतःचाच अभिमान वाटतो.

आठ दिवसांची मुदत दिली. घरून काढून आणा म्हटलं. आणि नीटनेटकेपणा म्हणजे काय ते पोरांना कळावं म्हणून याच प्रश्नाची एक नमुना आकृती मी स्वतः काढली. नुसती काढून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी तिच्याभोवती दुहेरी चौकट काढली, चौकटीच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढली आणि ती चौकट कागदाच्या पार कडेपर्यंत नेली. मग एस.टी. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि दोन प्रती काढायला सांगितल्या.

तो म्हणाला, "सर, बॉर्डर कापाई जाई. जरा ल्हान करू का?"

मी त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका पालकांना आकृती दाखवत होतो. रेघेची जाडी कशी सगळीकडे सारखी आहे ते सांगत होतो. झेरॉक्सवाल्याकडे न बघताच मी मान हलवली. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय असेच झालेत.

दोन प्रती घेतल्या, पैसे दिले, निघालो. मूळ आकृती मशीनच्या झाकणाखालीच राहिली. शाळेत आल्यावर आठवलं, पण म्हटलं, प्रत आहे की. एक वर्गातल्या फलकावर लावली, दुसरी स्वतःकडे ठेवली.

आता ती पद्धत. पंचेचाळीस आकृत्यांवर पट्टी आणि कोनमापक लावत बसलं तर दोन दिवस जातात. मी बटर पेपर घेतो, नमुना आकृती त्यावर उतरवतो आणि तो पोरांच्या आकृतीवर ठेवतो. रेघेवर रेघ बसली तर बरोबर, नाही तर चूक. एका आकृतीला दहा सेकंद. ही युक्ती मी केंद्राच्या बैठकीत इतर शिक्षकांनाही सांगितली होती. दोघांनी वहीत लिहूनही घेतली होती. त्यांची मला आता काळजी वाटते.

शुक्रवारी दुपारी मी आणि बाई शिक्षकखोलीत बसलो. बाई प्रत्येक कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघत होत्या. खोडरबराचे डाग, दोनदा ओढलेली रेघ, शिसं मोडल्यावर झालेली जाडी, सगळं त्यांना दिसत होतं. मी नावं बघत होतो. एकाने O च्या जागी शून्य काढून त्याला मध्ये रेघ मारली होती. एकाची A, B दोन्ही नावं रेघेवरच बसलेली, रेघ कुठली आणि अक्षर कुठलं ते कळेना. एकाचा P बिंदूपासून इतका लांब गेला होता, की त्याला परत आणायला माणूस पाठवावा लागला असता.

मग मी बटर पेपर काढला.

पहिली आकृती चुकली. दुसरी चुकली. O वर O ठेवला की P अर्धा सेंटिमीटर बाहेर. तिसरी, चौथी, दहावी, सगळ्यांचा P बाहेर, सगळ्यांची वर्तुळं मोठी. मी चिडत गेलो. बाई म्हणाल्या, "सगळेच कसे चुकले?"

"बाई, लक्ष नाही पोरांचं. मोबाइल."

शेवटून तिसरा कागद पुरुषोत्तमनगरहून बसने येणाऱ्या एका मुलाचा होता. एरवी कंपासपेटीत चिंचा घेऊन येणारा. त्याच्यावर बटर पेपर ठेवला आणि रेघेवर रेघ बसली. केसभरही फरक नाही. इतकंच काय, मी B काढताना खाली सवयीने छोटं शेपूट देतो, तेही त्याच्या B ला होतं. मला भरून आलं. म्हटलं, गुरूचं अक्षर घेतलंय पोराने.

बाईंनी एक दुसराच कागद बाजूला काढून ठेवला होता. सातपुड्यातल्या काठी गावाच्या बाजूच्या डोंगरातून आलेली, आमच्या गावात वसतिगृहात राहणारी मुलगी. "मला ही पहिली वाटते," त्या म्हणाल्या. "कंस बघा किती हलके आहेत. नावं सगळी बाहेरच्या बाजूला, सारख्या उंचीची."

मी बटर पेपर ठेवला. P अर्धा सेंटिमीटर बाहेर.

"बाई, सुंदर दिसणं वेगळं आणि गणित वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य त्यांनी नंतर मला बऱ्याच वेळा परत केलं.

वर्गात जाऊन मी निकाल सांगितला आणि उरलेल्या चव्वेचाळीस जणांना अर्धा तास झापलं. पट्टी शून्यापासून धरायची की एकपासून, तिथून सुरुवात केली. पोरं मान खाली घालून ऐकत होती. निवड झालेला मुलगा सगळ्यात खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, विनय.

चार वाजता मी शिक्षकखोलीत मोबाइलवर ती लिंक उघडून त्याचं नाव भरत होतो, तेव्हा ती मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. हातात स्वतःचा कागद आणि पट्टी. ती घरी पावरी बोलते, आमच्या गावची अहिराणी तिला अजून नीट जमत नाही, त्यामुळे तिचं मराठी थेट पुस्तकातून आल्यासारखं असतं.

"सर, माझ्या आकृतीतील रेख OP मोजून पाहाल का?"

"मोजलंय मी."

"आपण कागद ठेवला होता. मोजलेलं नाही."

बाई वहीत तोंड घालून हसल्या. मी पट्टी घेतली. O ते P दहा सेंटिमीटर. मी पट्टी उलटी करून बघितली. "ही पट्टी कुठून घेतली? जत्रेतल्या पट्ट्या खोट्या असतात."

बाईंनी आपली स्टीलची पट्टी पुढे सरकवली. दहा सेंटिमीटर. त्रिज्या सहा. PA आठ.

मुलगी म्हणाली, "सर, मला मेळाव्याला जायचं आहे. तिथे कागदावरच्या आकृतीनंतर फळ्यावरच्या मोठ्या लाकडी कंपासनेही आकृती काढायला देतात." पुढे म्हणाली, "वर्गात तो तुम्ही कोणाला देत नाही."

हे खरं होतं. तो कंपास मी माझ्या मालकीचा असल्यासारखा वापरतो.

"सर," बाई म्हणाल्या, "आता तुमचा बटर पेपर मोजा."

मोजला. O ते P साडेनऊ. त्रिज्या पाच पूर्णांक सात. स्पर्शिका सात पूर्णांक सहा. मी घाईघाईने कोन मोजला. OA आणि PA मधला कोन नव्वद, अगदी बरोबर. मला हायसं वाटलं. "बघा, कोन तर बरोबर आहे."

"कोन बरोबरच येणार, सर," मुलगी म्हणाली. "सगळ्या बाजू सारख्याच गुणोत्तरात कमी झाल्या आहेत. आपली आकृती आणि माझी समरूप आहेत. एकरूप नाहीत."

समरूपता हा पहिलाच धडा. जूनमध्ये शिकवलेला. मी शिकवलेला. माझ्या डोळ्यांपुढे झेरॉक्सवाला आला आणि त्याच्याकडे न बघता हललेली माझी मान आली.

"मग त्या पोराची कशी जुळली?" मी विचारलं. उत्तर मला तोवर कळलं होतं, पण माणूस शेवटपर्यंत आशा धरतो.

बाईंनी त्याचा कागद घेतला, उलटा केला आणि मागून बोट फिरवलं. मग मुलीचा कागद उलटा करून तसंच केलं. "हात लावून बघा. हिच्या O ला भोक आहे, M ला भोक आहे, P ला आहे. कंपासचं टोक जिथे जिथे टेकलं तिथे तिथे. याचा कागद गुळगुळीत. दोन वर्तुळं काढली, पण केंद्राला भोकच नाही."

मुलाला बोलावलं. तो आल्या आल्या म्हणाला, "सर, मी ना फलकवरनी आकृती खिडकीनी काचवर ठेईसन काढी." अजून कोणी काही विचारलंही नव्हतं. वर म्हणाला, "तुम्ही सगळास्ना झापी ऱ्हायनात ना, तवय सांगाले भ्याव लागनं."

"आणि B चं शेपूट?"

"ते बी व्हतं ना खाले."

त्याने चोरी केली होती, पण माझ्या पद्धतीने तपासलं तर संपूर्ण वर्गात तोच एकटा अचूक होता. त्याला मी कंपासने तीच आकृती पुन्हा काढायला बसवलं. त्या दिवशी त्याच्या कागदाला इतकी भोकं पडली, की उजेडात धरला तर चाळणी.

पाचला दहा मिनिटं कमी असताना लिंकवर नाव बदललं. नाव भरताना माझ्यापाठीमागे ती मुलगी आणि बाई दोघी उभ्या होत्या. अजून कोणी माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

शनिवारी वर्गात गेलो. फळ्यावर लिहिलं, मूळ आकृती : माझी प्रत = २० : १९. त्याखाली लिहिलं, चुकलेले विद्यार्थी बहुतेक शून्य, चुकलेले शिक्षक एक. अर्ध्या तासाचं झापणं परत घेतलं. मग लाकडी कंपास तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मेळाव्याआधी सवय कर. पहिल्यांदा खडू निसटून वर्तुळ अंड्यासारखं झालं. दुसरं मात्र जिथून सुरू झालं होतं तिथेच येऊन मिळालं. ते शाळा सुटेपर्यंत मी कोणाला पुसू दिलं नाही. दुसऱ्या तासाच्या सरांनी त्याच्या कडेकडेने इतिहास लिहिला.

मेळाव्याला तिला घेऊन बाई गेल्या. मी जावं असं दोघींपैकी कोणी सुचवलं नाही. सोमवारी ती शिक्षकखोलीत आली. तिसरा क्रमांक आला होता.

"परीक्षक कागदावरची आकृती कशी तपासत होते?" मी सहज विचारलं.

"बटर पेपर ठेवून, सर."

मी बाईंकडे बघितलं नाही. "मग?"

"मी त्यांना आधी तो पट्टीने मोजून दाखवायला सांगितला."

"चिडले असतील."

"नाही. मोजला त्यांनी." तिने पट्टी कंपासपेटीत ठेवली आणि झाकण लावलं. "त्यांचा बरोबर होता, सर."